धनाग्र ऋण कसं? सेलच्या गणितांवरची प्रश्नोत्तरे

सर, दहावीपर्यंत आम्ही ॲनोडला धनाग्र म्हणत होतो. आता बारावीच्या क्लासमध्ये सांगतात की सेलमध्ये ॲनोड ऋण असतो. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे, घोळ फक्त आपल्या मराठी शब्दाने घातलाय. शाळेत तुम्ही विद्युत अपघटन शिकलात. तिथे बाहेरच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली पट्टी ॲनोड असते, म्हणून ते धनाग्र. पण फॅरेडेने १८३४ साली ॲनोड हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यात धन-ऋण काहीच नव्हतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वर जाणारी वाट एवढाच.

त्यामुळे चिन्ह बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: इलेक्ट्रॉन कुठे सुटतायत? जिथे ऑक्सिडीकरण होतं तो ॲनोड, जिथे क्षपण होतं तो कॅथोड. हे कधीच बदलत नाही. साधा कार्बन-जस्ताचा टॉर्चचा सेल घ्या. त्याचं बाहेरचं जस्ताचं डबडं हाच ॲनोड. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते डबड्यात साठतात, म्हणून ते टोक ऋण. जुना सेल टॉर्चमध्ये विसरला की चिकट पाणी गळतं, कारण ॲनोड झिजून डबड्याला भोक पडलेलं असतं. म्हणून सेलच्या गणितात मी वर्गात धनाग्र हा शब्दच वापरत नाही, सरळ ॲनोड म्हणतो.

जस्त −०.७६ व्होल्ट आणि लोखंड −०.४४ व्होल्ट. दोन्ही ऋण आहेत, मग ॲनोड कोणता? मी बेरीज करून १.२० काढलं, उत्तरात ०.३२ आहे.

तक्त्यातले आकडे क्षपणाचे असतात. ज्याचा आकडा खाली, त्याला क्षपणाची ओढ कमी, म्हणजे तोच इलेक्ट्रॉन सोडणार. −०.७६ हा −०.४४ च्या खाली आहे, म्हणून जस्त ॲनोड. चिन्हं सारखी आहेत की वेगळी, याने काही फरक पडत नाही.

आता व्होल्टेज. दोन्ही आकडे तक्त्यात आहेत तसेच उचला, चिन्हाला हात लावू नका, आणि कॅथोडमधून ॲनोड वजा करा: −०.४४ − (−०.७६) = ०.३२ व्होल्ट. तुमचा १.२० कुठून आला ते माझ्या लक्षात आलं. 'ॲनोडचं चिन्ह उलटं करून बेरीज' अशी युक्ती काही ठिकाणी शिकवतात. ती चुकीची नाही, पण घाईत मुलं चिन्ह दोघांचं पुसतात किंवा दोनदा उलटवतात. तुम्ही दोन्ही उणे पुसून बेरीज केलीत. युक्ती आणि वजाबाकी यांतलं एकच काहीतरी धरा. माझं मत वजाबाकीच्या बाजूने.

(घराच्या जीआय पत्र्यावर ओरखडा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाही, ते याच क्रमामुळे. आधी जस्त झिजतं.)

Zn + 2Ag⁺ → Zn²⁺ + 2Ag यात चांदीचे दोन आयन आहेत, म्हणून मी ०.८० ला २ ने गुणलं. उत्तर २.३६ आलं आणि चूक दिली. का?

कारण व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे मिळणारी ऊर्जा. गच्चीवरच्या टाकीतून एक बादली पाणी सोडा की दोन, टाकीची उंची तेवढीच राहते. पाण्याकडून होणारं काम मात्र दुप्पट होतं. चांदीचे आयन दुप्पट झाले की इलेक्ट्रॉन दुप्पट होतात आणि ऊर्जाही दुप्पट होते. दुपटीला दुपटीने भागलं की व्होल्ट होता तेवढाच.

म्हणून E° = ०.८० − (−०.७६) = १.५६ व्होल्ट. दोन इलेक्ट्रॉन आपला हिशेब दाखवतात ते ऊर्जेत: ΔG° = −nFE° = −२ × ९६५०० × १.५६, म्हणजे सुमारे −३०१ किलोज्यूल. सगळं समीकरण २ ने भागून लिहा, n होईल १, ऊर्जा निम्मी होईल, E° मात्र १.५६ च राहील. परीक्षेत शंका आली तर हे एकदा करून बघा, दोन ओळींचं काम आहे.

जाता जाता: हा सेल प्रयोगशाळेत जोडाल तर सॉल्ट ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराइड नको. क्लोराइडने चांदीचा पांढरा साका बसतो. पोटॅशियम नायट्रेट घ्या.

वडिलांच्या जुन्या पुस्तकात जस्तासमोर +०.७६ लिहिलंय. छपाईची चूक आहे का?

नाही. ते ऑक्सिडीकरणाचं विभव आहे. पूर्वी दोन्ही पद्धती चालायच्या. १९५३ मध्ये आययूपॅकने क्षपणाची पद्धत ठरवली, तरी जुनी पुस्तकं बरीच वर्षं टिकली. कुठलाही तक्ता उघडला की आधी लिथियमचं चिन्ह बघा. उणे असेल तर क्षपणाचा तक्ता.

गणितात कथील −०.१४ आणि शिसं −०.१३ असं दिलं होतं. मी कथील ॲनोड धरला. उत्तरात शिसं ॲनोड आहे. तक्ता चुकला का?

तक्ता बरोबर आहे, तुम्ही गणितातली तीव्रता वाचली नाहीत. ती Sn²⁺ ची १ मोलर आणि Pb²⁺ ची ०.०१ मोलर असणार. तक्त्यातले आकडे दोन्हीकडे १ मोलर असतानाचे, २५ अंश सेल्सिअसचे. तिथे तुमचं म्हणणं बरोबर: −०.१३ − (−०.१४) = ०.०१ व्होल्ट, कथील ॲनोड.

पण ही आघाडी नखाएवढी आहे. शिशाचे आयन विरळ झाले की त्यांचं क्षपण होण्याची ओढही कमी होते. नर्न्स्टचं समीकरण लावू:

E = ०.०१ − (०.०५९२/२) × log(१/०.०१)

log १०० म्हणजे २, त्यामुळे E = ०.०१ − ०.०५९ = −०.०४९ व्होल्ट. उणे उत्तर आलं म्हणजे आपण गृहीत धरलेली दिशा उलटी होती. खऱ्या सेलमध्ये शिसं ॲनोड, कथील कॅथोड आणि व्होल्टेज ०.०४९. पुष्कळ मुलं इथे उणे चिन्ह पुसून टाकतात आणि ॲनोड तोच ठेवतात. आकडा जुळतो, मार्क जातात.

बाजू नेमकी कधी पलटते? E शून्य धरा. कथिलाच्या आयनांची तीव्रता शिशाच्या साधारण २.२ पट झाली की सेल थंड पडतो, त्यापुढे दिशा बदलते. हेच जस्त-तांब्याच्या सेलमध्ये करू गेलात तर १.१० व्होल्टची आघाडी मोडायला तो भागाकार १० च्या ३७ व्या घाताएवढा लागेल, जो कोणत्याही बीकरमध्ये होत नाही. म्हणून तिथे तक्ता डोळे मिटून वापरता येतो. दोन आकड्यांत व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी अंतर दिसलं की मात्र आधी तीव्रता शोधा.

प्रात्यक्षिकात डॅनिएल सेलने १.१० ऐवजी १.०४ दाखवलं, आणि आधी तर उणे आकडा येत होता.

उणे आकडा म्हणजे मीटरची लाल वायर जस्ताला लागली होती. लाल वायर तांब्याला, काळी जस्ताला लावा. कमी आकड्याचं कारण बहुधा जस्ताच्या पट्टीवरचा ऑक्साइडचा थर किंवा वाळलेला सॉल्ट ब्रिज. पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, ब्रिजमध्ये बुडबुडा अडकलाय का ते बघा. मीटर जुना काट्याचा असेल तर तो स्वतःच थोडा प्रवाह ओढतो आणि आकडा खाली जातो. डिजिटल मीटर लावून पुन्हा वाचन घ्या.