नोंदणी की परवाना? आधी विक्री मोजा

ताई, घरचे केक विकायला FSSAI म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागेल की परवाना, हे ठरवताना नफा नको, वर्षाची एकूण विक्री धरा. मैदा, लोणी, खोकी यांचा खर्च वजा करायचा नाही, इथंच बहुतेक जण चुकतात. सांगलीत तुमचे आठवड्याला १२ केक ७०० रुपयांनी जातात, म्हणजे ८,४०० रुपये. ५२ आठवड्यांचे झाले ४,३६,८०० रुपये. २०११ च्या नियमांत नोंदणीची मर्यादा १२ लाख ठेवली होती, तेव्हा तुम्हाला नोंदणीच पुरे. अर्ज भरताना मात्र foscos.fssai.gov.in वर चालू मर्यादा आणि फी पाहून घ्या.

मी दिवाळीचा फराळ हिशेबात धरलाच नव्हता, नंतर सगळी बेरीज पुन्हा करावी लागली. म्हणून ऑर्डरची वही आजच सुरू करा. मर्यादा ओलांडायची चिन्हं दिसली, की परवान्याचा अर्ज लगेच टाका. आणि १४ अंकी नंबर मिळाला की खोक्यावर छापायचा, बरं का.