नव्या अभ्यासकाने सुरुवात क्लॅक्टनपासून करावी

गुन्ह्याला समाज आणि माध्यमे काय अर्थ देतात हे अभ्यासणाऱ्या सांस्कृतिक गुन्हेशास्त्राकडे वळताना सिद्धान्तांच्या आधी एकच घटना बारकाईने वाचा, आणि माझ्या मते ती 1964 च्या ईस्टरमधील इंग्लंडच्या क्लॅक्टन या समुद्रकिनारी गावची असावी. थंड, पावसाळी सुटीत कंटाळलेल्या तरुणांच्या टोळक्यांत किरकोळ मारामाऱ्या झाल्या, काही खिडक्या फुटल्या आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी दहशतीची भाषा वापरली. समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी 1972 मध्ये दाखवले की एक होडी उलटली असता बातमीत 'होड्या' उलटत. हे अनेकवचन शोधण्याची सवय तुम्हीही लावून घ्या.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कालक्रमाची आहे. स्कूटरवाले 'मॉड्स' आणि मोटारसायकलवाले 'रॉकर्स' हे तरुणांचे दोन गट आधीपासूनचे कट्टर शत्रू होते असे समजू नका, कारण सुरुवातीला स्थानिक विरुद्ध लंडनहून आलेले हा भेदही तितकाच ठळक होता. बातम्यांनंतर मात्र स्कूटर, केशरचना आणि कोट हीच उपद्रवाची चिन्हे ठरली, पोलीस त्या वेशावर नजर ठेवू लागले, आणि पुढच्या सुट्यांत काही तरुण बातमीने दिलेली भूमिका वठवायलाच किनाऱ्यावर आले.

म्हणून प्रत्येक चिन्हापुढे ते घटनेआधी कोणासाठी काय होते आणि नंतर काय झाले, हे तारखेसह लिहा. बातमी, न्यायालयीन नोंद आणि सहभागी तरुणांचे बोलणे शेजारी ठेवल्यास फरक दिसतो. मात्र शैलीच्या मोहात मार खाणाऱ्याला विसरू नका. जखम ही केवळ प्रतिमा नसते.