चौथ्या दिवशी आंबवण थंड पडलं म्हणून फेकू नका

प्रश्न: सावरडो ब्रेडचं स्टार्टर, म्हणजे पीठ-पाण्याचं आंबवण, दुसऱ्या दिवशी दुप्पट फुगलं आणि चौथ्या दिवशी मेल्यासारखं पडलंय. फेकून नव्याने सुरू करू, की चिमूटभर यीस्ट घालू?

फेकू नका, यीस्टही घालू नका. रोज ठरल्या वेळी पीठ-पाणी देत राहा.

आमच्या शेजारच्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झाल्या. नोव्हेंबरात त्यांनी आयुष्यातला पहिला सावरडो केला. त्यांची दोनशे पानी वही माझ्यासमोर आहे, त्यातूनच सांगते.

सोमवारी काचेच्या बरणीत ५० ग्रॅम चक्कीची कणीक आणि उकळून गार केलेलं ५० ग्रॅम पाणी. पातळीवर रबरबँड. मंगळवारी रात्री मिश्रण रबरबँडच्या दुप्पट वर आलं, पण वास कुजकट. माझा भाऊ बेकरी चालवतो. तो म्हणाला, "झालं तयार, उद्या ब्रेड लावा." मी बाईंना थांबवलं, कारण ते फुगणं यीस्टचं नव्हतंच. पिठात आधीपासून असलेले जिवाणू सुरुवातीला वायू सोडतात. इडलीचं पीठ ज्या ल्यूकोनोस्टॉकमुळे फुगतं, तोही बहुधा त्यात असतो. आंबटपणा वाढला की हेच जिवाणू मागे पडतात आणि सगळं शांत होतं. आंबटात तगणारं रानटी यीस्ट तेव्हा कुठे जोर धरू लागतं. तुमच्या बरणीत आज तेच चाललंय.

बाईंची गुरुवारची नोंद: "एकही बुडबुडा नाही. वास ताकासारखा." कुजकट जाऊन ताकाचा वास येणं हीच प्रगती. रोज ५० ग्रॅम ठेवून बाकीचं काढायचं, ५० कणीक आणि ५० पाणी घालायचं, एवढंच त्या करत राहिल्या. (पहिल्या चार दिवसांचं काढलेलं पीठ खाऊ नका. नंतरच्याची धिरडी उत्तम होतात.) शनिवारी थोडी हालचाल झाली. रविवारी सकाळी सातला खाऊ घातलेलं बाराला दुप्पट झालं आणि माथा घुमटासारखा गोल होता. हा माथा खचायच्या आत वापरायचं.

पीठ असं: ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, ३३० पाणी, १०० स्टार्टर, १० मीठ. भावाचं म्हणणं, चक्कीच्या कणकेत सावरडो होत नाही. नुसत्या कणकेचा जड होतो हे खरं, कोंडा पिठाचा ताण तोडतो. पण पाचवा हिस्सा कणीक चवीसाठी हवीच.

पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारही बाजूंनी ओढून घडी. मग नुसतं थांबायचं. कृतीत लिहिलं होतं, चार तास. बाईंच्या स्वयंपाकघरात तेव्हा २५ अंश होते. त्यांनी लिंबाएवढा गोळा सरळ काठाच्या पेल्यात दाबून बसवला आणि बाहेरून खूण केली. चार तासांनी तो जेमतेम पावपटीने वर आला होता. दीडपट व्हायला साडेपाच तास लागले. घड्याळावर विसंबल्या असत्या तर मध्यभाग घट्ट आणि वरच्या सालीखाली मोठी पोकळी, असा ब्रेड निघाला असता. एप्रिलमध्ये उलट होतं. तीन तासांतच पीठ चिकट होतं, उचलताना फाटतं आणि भट्टीत पसरतं. ठरावीक तास मोजायला शिकवणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते हेच. वेळ पिठाला विचारायची.

मग गोल वळून, मैदा आणि तांदळाची पिठी भुरभुरलेल्या कापडावर टोपलीत ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. सोमवारी सकाळी ओटीजी २३० अंशांवर, आत झाकणाचं बिडाचं भांडं पाऊण तास तापवलेलं. थंड गोळ्यावर ब्लेडने अर्धा सेंटीमीटर खोल एक तिरकी चीर. झाकून वीस मिनिटं, कारण पिठाची वाफ कोंडली तरच साल मऊ राहून ब्रेड वर येतो. मग उघडून पंचवीस मिनिटं, गडद तपकिरी होईपर्यंत. बाईंना तो करपतोय असं वाटत होतं, मी दार उघडू दिलं नाही.

जाळीवर ठेवल्यावर साल बारीक तडकण्याचा आवाज येत राहिला. दोन तास कापला नाही. गरम कापला की आत चिकट राहतो आणि कच्चा वाटतो. आतली जाळी लहान पण सारखी आली, चीर उमलली होती. भावाने दोन फोडी खाल्ल्या.

यीस्टचं राहिलंच. चिमटीनेही पीठ फुगेल, पण तुमच्या बरणीत रानटी यीस्ट उठलं का, ते कळणार नाही. एक मात्र सांगायला हवं: बरणीत गुलाबी किंवा केशरी छटा, किंवा केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेका, वरचं खरवडून चालत नाही. आणि बिडाच्या झाकणाची मूठ प्लास्टिकची असेल तर आधी काढा.