स्लीप ट्रेनिंगने बाळाच्या मनावर कायमचा परिणाम होतो का? रील ज्या अभ्यासावर बोलतं त्यात नेमकं काय मोजलं होतं

प्रश्न: माझी मुलगी ८ महिन्यांची आहे, रात्री चार-पाच वेळा उठते. स्लीप ट्रेनिंग, म्हणजे बाळाला आपलं आपण झोपायला शिकवणं, करावं म्हणतोय, पण एका रीलमध्ये ऐकलं की बाळ रडायचं थांबतं तेव्हा त्याने आशा सोडलेली असते, आतून कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढलेलंच राहतं आणि पुढे अटॅचमेंट, म्हणजे आईवडिलांशी असलेलं विश्वासाचं नातं, बिघडते. रिसर्च खरंच असं सांगतो का?

नाही, असं नाही सांगत. पण ही भीती हवेतून आलेली नाही, तिच्यामागे एक खरा अभ्यास आहे, म्हणून आधी त्याचंच सांगते. माझं काम आकडेवारीचं आहे, आणि माझा मुलगा तुमच्या मुलीएवढा असताना हे पेपर मी रात्री त्याला मांडीवर घेऊन वाचलेत, त्यामुळे तुमची घालमेल कळते.

तो अभ्यास २०१२ चा, वेंडी मिडलमिस आणि सहकाऱ्यांचा, न्यूझीलंडमधला. आई आणि बाळ अशा २५ जोड्या, बाळं ४ ते १० महिन्यांची, आणि हे सगळं घरी नाही तर पाच दिवसांच्या निवासी कार्यक्रमात. नर्स बाळाला झोपायला ठेवायची, बाळ रडलं तरी आई आत जायची नाही, पण तिला रडणं ऐकू यायचं. झोपण्याआधी आणि झोप लागल्यावर दोघांच्या लाळेचे नमुने घेऊन कॉर्टिसॉल मोजलं. पहिल्या दिवशी बाळ रडत होतं, आणि आईचं नि बाळाचं कॉर्टिसॉल एकमेकांशी जुळत होतं. तिसऱ्या दिवशी बाळं रडली नाहीत, आईचं कॉर्टिसॉल उतरलं, बाळाचं मात्र पहिल्या दिवशी होतं साधारण तेवढंच राहिलं. रील म्हणतं ते हे.

आता यात काय नव्हतं ते बघा. याच बाळांचं घरी, आपल्या नेहमीच्या जागी झोपताना कॉर्टिसॉल किती असतं ते मोजलेलंच नव्हतं, त्यामुळे जे आलं ते जास्त म्हणायचं की नेहमीचंच, हे ठरवायला मापच नाही. शिवाय अनोळखी जागा, अनोळखी हात, एवढ्यानेही लहान बाळाचं कॉर्टिसॉल बदलू शकतं, आणि तिथेच राहून पण या पद्धतीशिवाय झोपवलेली बाळं तुलनेला नव्हती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हिशोब तिसऱ्या दिवसापर्यंतचा आहे, महिन्याभराने किंवा वर्षाने काय झालं ते त्यात नाहीच. "आशा सोडली" हा शब्द कोणीतरी नंतर चिकटवलाय, लाळेच्या नमुन्यात आशा मोजता येत नाही.

लांबचा परिणाम बघायचा तर मेलबर्नचा अभ्यास वाचा, ॲना प्राइस, हॅरिएट हिस्कॉक वगैरेंचा, तोही २०१२ मध्येच आला. तिथे बाळांचं वजन-वाढ बघायला आईवडील ज्या केंद्रांत जातात ती केंद्रंच चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. ७ महिन्यांच्या बाळाच्या झोपेचा त्रास आहे असं पालकांनी सांगितलेली ३२६ मुलं होती. एका गटातल्या पालकांना नर्सने दोन पद्धती शिकवल्या, हवी ती निवडा म्हणून. एक म्हणजे बाळ रडलं की थोडं थांबून आत जायचं, थोपटायचं, बाहेर यायचं आणि दर वेळी थांबायचा वेळ थोडा वाढवायचा. दुसरी, ज्याला तिथे कॅम्पिंग आउट म्हणतात, त्यात बाळाजवळ खुर्ची टाकून झोप लागेपर्यंत बसायचं आणि थोड्या थोड्या दिवसांनी खुर्ची दाराकडे सरकवत न्यायची. दार लावून रात्रभर रडू द्यायचं असं दोन्हीत नाही.

मग ही मुलं ६ वर्षांची झाल्यावर परत बघितली. त्यातली २२५ सापडली, म्हणजे साधारण ६९ टक्के. वागणूक, भावनिक त्रास, झोप, आईवडिलांशी जवळीक आणि भांडणं, आईचं मानसिक आरोग्य, सगळं तपासलं आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. लाळेतलं कॉर्टिसॉलही तपासलं आणि इथे जरा थांबते, कारण विरोधात बोलणारे हाच आकडा दाखवतात: ताण दाखवणारी कॉर्टिसॉलची पातळी शिकवलेल्या गटात २९ टक्के मुलांत होती, दुसऱ्यात २२ टक्के. बघितल्यावर पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण एवढ्या मुलांत, समजा पद्धतीचा काहीच परिणाम नसता तरी, एवढा किंवा याहून मोठा फरक दहातल्या चार वेळा नुसत्या योगायोगाने दिसला असता. म्हणून त्यावरून नुकसान झालं असं म्हणता येत नाही. बारीकसा फरक अजिबात नाहीच असंही त्यावरून सिद्ध होत नाही, एवढं मात्र मी प्रामाणिकपणे सांगेन. मोठं, उघड दिसणारं नुकसान असतं तर ते दिसायला हवं होतं.

आणि हेही लक्षात घ्या की तुलना "ज्यांना शिकवलं" आणि "ज्यांना शिकवलं नाही" यांची आहे. शिकवलेल्यांपैकी काहींनी केलंच नसेल, न शिकवलेल्यांपैकी काहींनी आपल्या मनाने केलं असेल, आणि कोणतं बाळ किती मिनिटं रडलं याची नोंद ६ वर्षांनी कुठून मिळणार. त्यामुळे फरक असलाच तर तो थोडा पुसट होतो. फायद्याचंही तसंच. बाळ १० आणि १२ महिन्यांचं असताना शिकवलेल्या गटात झोपेच्या तक्रारी कमी होत्या, २ वर्षांपर्यंत आईच्या नैराश्याची लक्षणं कमी होती, ६ वर्षांपर्यंत मात्र फायदाही विरून गेला. म्हणजे न केल्याने मूल मागे पडतं असंही नाही, हे ज्यांना करायचं नाही त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते.

अटॅचमेंट थेट मोजलेला अभ्यास ॲडलेडचा आहे, मायकेल ग्रॅडिसार यांचा, २०१६ चा. ६ ते १६ महिन्यांची ४३ बाळं, तीन गट: हळूहळू वेळ वाढवत थांबणारे, झोपायची वेळच थोडी पुढे ढकलणारे, आणि नुसती माहिती दिलेले. वर्षभराने अटॅचमेंट तपासली. ती कशी तपासतात ते बघण्यासारखं आहे. आई आणि मूल खेळणी असलेल्या खोलीत, मग एक अनोळखी बाई येते, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. मूल रडलं का याला तेवढं महत्त्व नाही, आई परत आल्यावर ते तिच्याकडे धावतं का, कुशीत शांत होऊन पुन्हा खेळायला लागतं का, की तोंड फिरवतं, हे बघतात. तिन्ही गटांत फरक आढळला नाही, आणि पद्धती वापरलेल्या बाळांचं कॉर्टिसॉल वाढलं नाही, उलट थोडं उतरलं. पण ४३ बाळं तीन गटांत म्हणजे गटात जेमतेम चौदा-पंधरा, एवढ्यावर छोटा फरक पकडता येत नाही.

माझं मत विचाराल तर अटॅचमेंट दिवसभराच्या शेकडो देवाणघेवाणीतून बनते, भूक लागली की कोणी येतं का, पडलं की कोणी उचलतं का. काही रात्रींची दहा-पंधरा मिनिटं ते पुसून टाकतील असा पुरावा मला कुठे सापडला नाही. रोमानियाच्या अनाथाश्रमांत दुर्लक्षित वाढलेल्या मुलांचे दाखले यात देतात ते चूक आहे, त्या मुलांकडे दिवसादेखील लक्ष देणारं ठरलेलं माणूस नव्हतं.

तुमची मुलगी ८ महिन्यांची, म्हणजे मेलबर्नच्या बाळांच्याच वयाची, त्यामुळे ते निष्कर्ष तिला बऱ्यापैकी लागू होतात. ३ महिन्यांच्या बाळाला मात्र ते लावू नका. वजन नीट वाढतंय का, कान दुखतोय का, नाक चोंदलंय का हे आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण त्यामुळे उठत असेल तर कुठलीच पद्धत चालणार नाही. आपल्याकडे वेगळी खोली नसते, आजी शेजारी झोपलेली असते आणि रडणं ऐकून ती उठणारच, म्हणून आम्ही खुर्चीवाली पद्धत घेतली, सासूबाईंना आधी सांगून ठेवलं की मी जवळच बसलेय, तुम्ही उचलू नका. पहिल्या रात्री तो चाळीस मिनिटं कुरकुरला, माझं बोट धरून. नवव्या रात्री मी बोट काढून घेतलं तरी झोपला. मधे ताप आला तेव्हा सगळं बंद केलं, पोटाशी घेऊन झोपवलं आणि बरा झाल्यावर परत खुर्ची टाकली.