दहा हजारांचं कर्ज आणि प्ले स्टोअरवरचं पान

प्रश्न : मी घणसोलीत राहते. मुलाच्या क्लासची फी भरायला 10,000 रुपये हवे आहेत. एका लोन अ‍ॅपच्या प्ले स्टोअर पानाचा स्क्रीनशॉट पाठवतेय. रेटिंग 4.3 आहे, ‘No data shared with third parties’ असंही लिहिलंय, पण अलीकडचे रिव्ह्यू वाईट आहेत. पॅन आणि सेल्फी देऊन झालंय, कर्ज अजून स्वीकारलेलं नाही. पुढे जाऊ का?

उत्तर : नाही, इथेच थांबा. ज्या ओळीने तुम्हाला धीर आला, ती सगळ्यात कमी कामाची आहे. ‘Data safety’ची माहिती डेव्हलपर स्वतः भरतो आणि ती खरी असण्याची जबाबदारीही गुगल त्याच्यावरच टाकतं. शिवाय तिथल्या ‘shared’चा अर्थ फार मर्यादित आहे. डेव्हलपरच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या कंपनीला ती दिली, तर ते ‘शेअर करणं’ धरलं जात नाही. वसुलीवाल्या एजन्सीला आपलीच सेवा देणारी कंपनी म्हणून दाखवलं की ही ओळ तशीच राहते.

त्याच्याच खाली, जमा होणाऱ्या माहितीत ‘Contacts’ आणि ‘Photos and videos’ दिसतंय, ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधल्या फाइल्स, फोटो, संपर्क यादी आणि कॉल लॉगला हात लावायचा नाही. केवायसीसाठी कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदाच, तेही तुमची स्पष्ट संमती घेऊन वापरता येतं. आता न्यायाने सांगायचं तर, तुम्ही स्वतः टाइप केलेले दोन ओळखीचे नंबरही काही अ‍ॅप ‘Contacts’मध्ये दाखवतात. म्हणून त्याच पानावर ‘About this app’ उघडा आणि तळाशी ‘App permissions’ पाहा. तिथे ‘read your contacts’ असेल, तर ते सगळी यादी वाचायला परवानगी मागतंय. पुढे नातेवाइकांना धमकीचे फोन जातात ते याच यादीवरून.

रिव्ह्यू ‘Newest’ लावून वाचलेत ते बरं केलंत. ‘Nice app’, ‘Good’ असल्या एका शब्दाच्या पाच ताऱ्यांकडे मी बघतही नाही. एखादा चिडलेला माणूसही पुरावा होत नाही. पण तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच आकडा दिलाय : 10,000 मंजूर, हातात 6,500, सातव्या दिवशी 10,000 परत. म्हणजे 6,500 वर आठवड्याला 3,500, जवळपास 54 टक्के. वर्षाचा दर काढला तर सुमारे 2,800 टक्के. अ‍ॅपच्या वर्णनात मात्र मुदत 91 ते 365 दिवस लिहिलीय. 60 दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण परतफेड मागणारी वैयक्तिक कर्जं प्ले स्टोअरवर चालतच नाहीत, म्हणून पानावर एक मुदत आणि प्रत्यक्षात दुसरी.

वर्णनाच्या शेवटी एका एनबीएफसीचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्तसंस्थेचं नाव आहे. अ‍ॅप चालवणारी कंपनी स्वतः एनबीएफसी नसली तरी चालतं, पण पैसे देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली हवी. फसवणारे खऱ्या संस्थेचंच नाव छापतात, म्हणून उलटीकडून तपासा. अ‍ॅपमधली लिंक वापरू नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून त्या संस्थेच्या साइटवर जा आणि तिच्या डिजिटल लेंडिंग अ‍ॅपच्या यादीत हे अ‍ॅप आहे का बघा. 1 जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेकडेही अशी यादी आहे. ती वित्तसंस्थांनीच भरलेली असते, त्यामुळे तिच्यात नाव असणं म्हणजे रिझर्व्ह बँकेची शिफारस नव्हे. नाव जुळलं तरी पानाच्या पत्त्यात `id=` नंतर येणारी अक्षरं त्या यादीतल्या लिंकशी ताडा. सारख्या नावाची दोन अ‍ॅप असू शकतात, ही अक्षरं मात्र प्रत्येकाची वेगळी.

आता आजचं काम. ‘Accept’ दाबू नका, ई-मँडेटला, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीला मान्यता देऊ नका. अ‍ॅप काढण्याआधी त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा : ‘मी कर्ज घेतलेलं नाही, माझी संमती मागे घेते, पॅन आणि सेल्फीसह सगळी माहिती पुसून लेखी कळवा.’ तशी मागणी करायचा तुम्हाला हक्क आहे. ई-मेलची प्रत ठेवा, सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या परवानग्या बंद करा, मगच अ‍ॅप काढा.

न मागता खात्यात पैसे आलेच, तर ते खर्चू नका आणि कुणी पाठवलेल्या यूपीआय आयडीवर परतही करू नका. परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात व्हायला हवी, असा नियम आहे. त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवा. धमक्या आल्या तर स्क्रीनशॉट आणि नंबर जपून cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढून पाहा. असा रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तुमच्या पॅनवर न घेतलेलं कर्ज दिसलं, तर ब्युरोकडे वाद नोंदवताना हाच ई-मेल सोबत जोडा.