खुर्चीचा सांधा पुन्हा पुन्हा ढिला का होतो?

प्रश्न: सागवानी खुर्ची डुलते. फटीत फेव्हिकॉल सोडलं, आठ दिवसांत पुन्हा तेच. नागपुरात राहतो, काय करू?

उत्तर: सांधा पूर्ण उघडा, जुना गोंद काढा आणि दोन भाग आतून जोडणारी गोल लाकडी खुंटी, म्हणजे डॉवेल, नवी बसवा. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. शिवाय फटीतून सोडलेला गोंद खुंटीपर्यंत पोचतच नाही.

रबरी हातोडीने हळूहळू ठोकून सांधा सोडवा. खुंटी ८ मिमीची असेल तर ८ मिमीचा ड्रिल बिट हातानेच फिरवून भोक खरवडा. नवी खुंटी खाचांची घ्या. दोन्ही भोकं २० मिमी खोल असतील तर ती ३७-३८ मिमी कापा. पुरती ४० ठेवली तर तळाशी गोंद कोंडतो आणि सांधा मिटत नाही. गोंद भोकाच्या भिंतींनाही लावा.

शिकंजा नसेल तर पायांभोवती दुहेरी दोरी बांधून मधे काठी घाला आणि पीळ द्या. सांध्यातून गोंदाचे बारीक थेंब आले की थांबा, अजून आवळलं तर पाय तिरपे होतात. लगेच सपाट फरशीवर चारही पाय टेकतात का बघा आणि २४ तास बसू नका. मे महिन्यात हे काम सकाळीच उरका, दुपारी जोडायच्या आतच गोंदावर साय धरते.

भोक लांबट झालं असेल तर मात्र गोंदाने पोकळी भरत नाही. १० मिमीचं भोक पाडून तेवढीच खुंटी घाला.