रिव्हर्स पार्किंग सेन्सरची कटकट: आधी मोकळ्या मैदानात तपासा

सदाशिव पेठेत गाडी लावता म्हणजे मागे भिंत, बाजूला स्कूटरी. मागच्या पार्किंग सेन्सरचं थोडं बीप-बीप होणारच. पण लगेच सेटिंग बदलू नका. आधी गाडी मोकळ्या, सपाट जागेत न्या, हँडब्रेक लावून रिव्हर्स टाका. मागे काहीच नसताना वाजलं, तर दोष अंतराचा नाही, सेन्सरचा. त्यावर चिखल बसलेला असतो, किंवा तो खाली झुकून जमीनच 'बघत' असतो. माझ्या गाडीत बाहेरून बसवलेला सेन्सर उलटा फिरवला होता. सरळ केला आणि वाजणं थांबलं. बंपर गार्डही असाच घोळ करतो.

तिथे गप्प राहिला, तर मागे उंच खोका ठेवा, टेपने अंतर मोजा आणि दुसऱ्याला खोका हळूहळू जवळ आणायला सांगा. बहुतेक किटांमध्ये सलग आवाज ३० सेंमीच्या आसपास सुरू होतो. तुमच्याकडे ५० ला होत असेल आणि किटमध्ये अंतराची सोय असेल, तर ३० वर आणा. त्याहून कमी नको, अगदी जवळचं सेन्सरला नीट कळत नाही. कंपनीच्या सेन्सरमध्ये अंतर बहुधा बदलत नाही, फक्त आवाज बदलतो.

आवाज मधला ठेवा. एसी आणि गाणी चालू असताना ऐकू आला की पुरे. बारीक खांब, नो-पार्किंगची साखळी मात्र सेन्सरला दिसेलच असं नाही, तिथे मान वळवूनच बघा.